ठेका तोच, जोर कमी

मे महिन्यात नागपुरात आमच्या भाच्याच्या खोलीत शिरलं की दोन यंत्रं एकमेकांशी भांडत असल्यासारखी ऐकू यायची. एक खिडकीतला वाळ्याचा कूलर आणि दुसरा टेबलाखालचा कॉम्प्युटर. भाचा दिवसा ॲनिमेशनचं काम करतो आणि रात्री गेम खेळतो. दोन्हीसाठी त्यानं आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड जुन्या बाजारातून घेतलं होतं. गेम सुरू होऊन पाच मिनिटं झाली की त्याचे तीन पंखे असे ओरडायचे की बाहेरच्या खोलीतून बहीण विचारायची, "अरे, मिक्सर कोणी लावला?"

"मामा, पेस्ट बदलून बघायची का?" भाच्यानं विचारलं. पेस्ट म्हणजे चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये भरलेला उष्णता वाहणारा लेप. तो वाळला असेल तर बदलायलाच हवा. पण या कार्डाचा दोष लेपात नव्हता, कारण त्यात दोषच नव्हता. एनव्हिडियानं सप्टेंबर २०२० मध्ये आणलेलं हे कार्ड कारखान्यातूनच ३२० वॅट खाण्याच्या मर्यादेनं येतं. खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. म्हणजे बंद खोलीत ३२० वॅटची शेगडी ठेवायची आणि तिच्या पंख्यांनी गप्प बसावं अशी अपेक्षा करायची, असा तो प्रकार. पंख्यांना गप्प करायचं तर शेगडीच मंद करायला हवी. ती मंद करूनही गेम जवळजवळ तितकाच वेगानं चालू शकतो. या युक्तीला अंडरव्होल्टिंग म्हणतात.

ते कसं शक्य होतं हे समजायला स्लॅब पडण्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. खालून वरपर्यंत माणसांची रांग आहे आणि काँक्रीटची घमेली हातोहात पुढे जात आहेत. मुकादम ठेका देतो, आणि प्रत्येक ठेक्याला प्रत्येकाच्या हातातलं घमेलं पुढच्याच्या हातात पोचलं पाहिजे. चिपच्या आतही असंच चालतं. ठेका म्हणजे क्लॉक, तो मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. १,८०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १८० कोटी ठेके. आणि व्होल्टेज म्हणजे माणसांच्या हातातला जोर. ठेका वाढवायचा तर जोर वाढवावा लागतो, नाहीतर घमेलं वेळेत पोचत नाही आणि मध्येच कुठेतरी पडतं. चिपमध्ये घमेलं पडणं म्हणजे एखादं उत्तर चुकणं, आणि त्याचा शेवट बहुधा गेम बंद पडण्यात होतो.

आता कारखान्याची अडचण पाहा. या चिपमध्ये सुमारे २,८३० कोटी ट्रान्झिस्टर असतात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपही अगदी सारख्या नसतात. एखादी कमी जोरावर पळते, एखादीला जास्त लागतो. प्रत्येक कार्डाला वेगळं जोखून त्याच्या मापाचं व्होल्टेज ठरवायला वेळ कोणाला आहे? म्हणून सगळ्यात कमजोर चिपसुद्धा, तापलेल्या खोलीत, काही वर्षं वापरून झाल्यावर, अडखळू नये इतका जोर सगळ्यांनाच दिला जातो. शिवाय विक्रीच्या वेळी परीक्षणातल्या तक्त्यात दोन-तीन फ्रेम जास्त दिसाव्यात म्हणून ठेकाही शेवटच्या टोकापर्यंत ताणलेला असतो. आपल्या कार्डाला मिळणारा हा जास्तीचा जोर नुसताच उष्णता होऊन जातो.

तो किती महाग पडतो, हे एका लहान सूत्रात दिसतं. चिपच्या कामात खर्च होणारी वीज साधारण अशी बदलते:

```
P ∝ V² × f
```

यात P म्हणजे वीज, V म्हणजे व्होल्टेज आणि f म्हणजे ठेका. ठेका दहा टक्क्यांनी उतरवला तर वीज दहा टक्के वाचते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवलं तर मात्र एकोणीस टक्के वाचते, कारण ते दोनदा गुणलं जातं. म्हणून ठेका जवळपास तसाच ठेवून फक्त जोर कमी करायचा, एवढीच सगळी मेख आहे.

कोणत्याही बटणाला हात लावण्याआधी आम्ही कार्ड मूळ अवस्थेत पळवून आकडे टिपले. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग "थोडं थंड वाटतंय बुवा" यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबतच एक आज्ञा येते. ती काळ्या खिडकीत टाइप केली की दर सेकंदाला ठेका, वीज, तापमान आणि पंखा यांची एक ओळ छापली जाते:

```
nvidia-smi --query-gpu=clocks.gr,power.draw,temperature.gpu,fan.speed --format=csv -l 1
```

व्होल्टेज मात्र यात दिसत नाही. ते आफ्टरबर्नरमध्ये दिसतं, आणि पुढचं काम त्याच सॉफ्टवेअरमध्ये करायचं असल्यानं आम्ही ते उतरवून घेतलं. ते फुकट आहे आणि कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. फक्त एमएसआयच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. या नावाचा मुखवटा लावून व्हायरस वाटणारी बनावट पानं पूर्वी सापडली आहेत.

कूलर चालू असूनही खोलीत ३४ अंश होते. वीस मिनिटं सायबरपंक चालवल्यावर वीज ३२० वॅटच्या भिंतीला टेकली होती, चिप ८१ अंशांवर होती आणि पंखे मिनिटाला २,३०० फेरे घेत होते. गेमच्या स्वतःच्या चाचणीत सरासरी ७१ फ्रेम मिळाल्या. पण मला सगळ्यात बोलका वाटला तो ठेका. तो एका जागी नव्हताच. १,७७० ते १,८४५ यांच्यामध्ये सारखा वरखाली होत होता, आणि व्होल्टेज सरासरी ०.९७ च्या आसपास. म्हणजे कार्डाला आणखी पळायचं होतं, पण वीज संपत होती. मर्यादेला धडकलं की ते ठेका उतरवायचं, जरा मोकळं झालं की पुन्हा चढवायचं. अशा कार्डाला अंडरव्होल्टिंग विशेष मानवतं. वाचलेल्या विजेत ते ठेका स्थिर धरू शकतं.

आफ्टरबर्नर उघडून Ctrl+F दाबलं की एक आलेख समोर येतो. आडव्या रेषेवर व्होल्टेज, उभ्या रेषेवर ठेका आणि मध्ये चढत जाणारी ठिपक्यांची माळ. प्रत्येक ठिपका सांगतो, इतक्या जोरावर इतका ठेका. कार्ड तापलेलं असतानाच आम्ही हा आलेख उघडला. त्याचं महत्त्व आम्हाला पुढे कळलं, तेही जरा महागात पडून.

आम्ही ठरवलं, ठेका १,८०० हवा आणि तो ८५० मिलिव्होल्टवर, म्हणजे ०.८५ व्होल्टवर. आधी Core Clock ची पट्टी उजवीकडे सरकवत सगळी माळ इतकी वर उचलली की ८५० चा ठिपका १,८०० वर आला. पट्टी किती सरकवायची याचा एकच आकडा नाही, प्रत्येक कार्डाला तो वेगळा निघतो. मग Shift दाबून धरून ८५० च्या उजवीकडचे सगळे ठिपके माऊसनं निवडले आणि १,८०० च्या रेषेखाली ओढले. खाली बरोबरच्या खुणेचं बटण दाबलं, तशी ८५० पासून पुढची माळ आपोआप सपाट झाली. आलेख आता डोंगर चढून पठारावर आल्यासारखा दिसत होता. कार्ड १,८०० च्या वर जाऊ शकत नाही आणि तिथे पोचायला ८५० पुरेसे आहेत, तर त्याहून जास्त व्होल्टेज मागायचं त्याला कारणच उरत नाही.

यातली एक सोपी वाट बरेच लोक धरतात: बाकी माळ खालीच ठेवून फक्त एक ठिपका काठीवर टांगल्यासारखा वर उचलायचा. आलेख झटकन तयार होतो, पण त्या ठिपक्याच्या डावीकडे कडा तयार होते. एखाद्या जड दृश्यात वीज पुन्हा मर्यादेला टेकली की कार्ड एक पायरी उतरायला जातं आणि थेट दरीत पडतं. खेळताना तो झटका जाणवतो. शिवाय अशा वेळी पडद्यावर ठेका १,८०० दिसतो आणि प्रत्यक्ष काम त्याहून कमी होतं. म्हणूनच ठेक्याच्या आकड्यावर विसंबू नये. फ्रेम मोजाव्यात.

मनातल्या मनात लोकांना एक भीती असते, ती इथेच दूर करतो. कमी व्होल्टेजनं चिप जळत नाही. जळण्याची भीती वाढवण्यात असते. हे फेरबदल ड्रायव्हरच्या पातळीवर राहतात, कार्डात कोरले जात नाहीत. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की कार्ड मूळ चालीवर येतं. मात्र विंडोज सुरू होतानाच सेटिंग लागू करायचं एक बटण आफ्टरबर्नरमध्ये आहे. पुरती खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका, नाहीतर कच्चं सेटिंग दर वेळी सुरुवातीलाच लागेल आणि सेफ मोडमध्ये शिरून ते काढत बसावं लागेल.

भाच्याला घाई होती. "मामा, ८२५ वर का नाही? अजून थंड होईल." म्हटलं, कर. सायबरपंक पंधरा मिनिटं सुरळीत चाललं. मग मी क्वेक टू आरटीएक्स लावायला सांगितलं. हा जुना गेम एनव्हिडियानं नव्यानं सजवला आहे आणि त्यातला सगळा उजेड किरण मोजून काढला जातो. त्यामुळे चिपचे जे कोपरे इतर गेममध्ये निवांत असतात तेही इथे कामाला लागतात. घमेल्यांच्या रांगेतला सगळ्यात कमजोर माणूस नेमका त्या कोपऱ्यात उभा असू शकतो. तीन मिनिटांत पडदा काळा झाला, दोन-तीन सेकंद तसाच राहिला आणि मग डेस्कटॉप परत आला, गेम गायब.

त्या दोन-तीन सेकंदांत काय झालं हे ओळखता येतं. ग्राफिक्स कार्डानं दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर मारून पुन्हा उभा करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद राहते. आम्हाला तिथे nvlddmkm हे नाव सापडलं. ते एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं नाव. अशी नोंद दिसली की व्होल्टेज कमी पडल्याचा संशय घ्यायचा. पण संशयच, कारण गेम आपल्या चुकीनंही बंद पडतात. खातरजमा साधी आहे: मूळ चालीवर तोच प्रसंग पुन्हा खेळून बघायचा. तिथेही पडला तर बिचाऱ्या व्होल्टेजचा दोष नाही.

८५० वर परत आलो. क्वेक तासभर चाललं, भाच्याचं रात्रभराचं रेंडर निर्विघ्न पार पडलं, दोन दिवस सगळं गोडीगुलाबीनं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. गेम सुरू करून मिनिटही झालं नव्हतं, अजून मेन्यूच संपला नव्हता, आणि पडदा काळा.

मला आधी ते पटेना. तासभर भाजून निघालेलं कार्ड पहिल्याच मिनिटाला कसं पडेल? आफ्टरबर्नरची नोंद उघडली तेव्हा उलगडलं. त्या क्षणी ठेका १,८३० होता, १,८०० नव्हे. या कार्डाची स्वतःची एक सवय असते: तापमान चढत गेलं की ते १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी ठेका उतरवतं, आणि थंड असलं की चढवतं. आपण मांडलेला आलेखही त्याच्यासोबत वरखाली सरकतो. आम्ही तो तापलेल्या कार्डावर मांडला होता. सकाळी कार्ड थंड होतं, तेव्हा पठार दोन पायऱ्या वर गेलं होतं आणि व्होल्टेज मात्र तेच ८५०. म्हणजे सगळी कसोटी आम्ही १,८०० ची घेतली आणि परीक्षेत प्रश्न आला १,८३० चा.

उपाय दोन होते. ठेका उतरवायचा किंवा व्होल्टेज जरा चढवायचं. या कार्डात व्होल्टेजच्या पायऱ्या सव्वासहा मिलिव्होल्टच्या असतात. आम्ही दोन पायऱ्या वर गेलो, ८६२ वर १,८०० मांडला, आणि या वेळी चाचणी उलटी घेतली: कॉम्प्युटर अर्धा तास बंद ठेवायचा, चालू करून थेट क्वेकमध्ये शिरायचं, असं सहा वेळा. नंतर आठवडाभर कुरकुर नाही. तेव्हा कुठे ते सेटिंग पहिल्या खणात जतन केलं आणि विंडोजसोबत सुरू व्हायचं बटण दाबलं.

आता हिशेब. सायबरपंकमध्ये वीज ३२० वरून २६४ वॅटवर आली आणि फ्रेम ७१ च्या जागी ७०. सूत्राशी हे जुळतं का? व्होल्टेज ०.९७ वरून ०.८६२ वर आलं, त्याचा वर्ग करून ठेक्यातला किंचित फरक धरला तर चिपचा खर्च बावीसेक टक्क्यांनी घटायला हवा. मग ३२० चे २५० का झाले नाहीत? कारण ३२० हा पूर्ण कार्डाचा आकडा आहे. त्यात मेमरी आहे, पंखे आहेत, वीज बदलून देणाऱ्या भागांची गळती आहे. घट फक्त चिपच्या वाट्यात होते, आणि तो वाटा २५५ वॅटच्या आसपास धरला तर हिशेब ठीक बसतो.

तापमान मात्र ८१ वरून ७४ वर आलं, सातच अंश. भाचा जरा हिरमुसला. पण नफा तापमानात शोधायचाच नसतो, कारण पंखे तापमान बघूनच आपला वेग ठरवतात. उष्णता कमी झाली की ते आधी स्वतः सुस्तावतात, त्यामुळे बहुतेक फायदा आवाजात निघतो. २,३०० फेऱ्यांवरून पंखे १,६०० वर आले होते. पंख्याचा आवाज वेगाच्या मानानं फार झपाट्यानं वाढतो. ढोबळ नियमानं इतक्या घसरणीला सात-आठ डेसिबल कमी होतात, आणि दहा कमी झाले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. बहिणीनं मिक्सरची चौकशी थांबवली. तसा खिडकीतला कूलर अजूनही कार्डापेक्षा मोठ्यानं ओरडतो, पण त्याला आफ्टरबर्नर लागत नाही.

एक गोष्ट मात्र उलटली, आणि ती न बघता सोडली असती तर चूक झाली असती. या कार्डावरची जीडीडीआरएक्स मेमरी, नेमकं नाव जीडीडीआर६एक्स, स्वतः फार तापते. तिचं व्होल्टेज आपण कमी केलेलं नसतं, म्हणून ती पहिल्याइतकीच उष्णता सोडते. पण पंखे चिपचं तापमान बघून सुस्तावलेले! एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीच्या तापमानाची वेगळी ओळ दिसते. तिथे मूळ चालीवर ९८ अंश होते, ते नव्या सेटिंगमध्ये १०२ झाले. साधारण ११० ला ही मेमरी स्वतःचा वेग तोडते. विदर्भातल्या उन्हाळ्यात ती वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. पंख्यांचा आलेख जरा उचलून त्यांना १,७५० वर धरलं, मेमरी ९९ वर आली, आणि कानाला फारसा फरक कळला नाही. साधी जीडीडीआर६ मेमरी असलेल्या कार्डांना ही काळजी एवढी नसते.

वीजबिलाचं म्हणाल तर त्या आशेनं हे करू नये. ५६ वॅटची बचत, दिवसाला चार तास, महिन्याला सात युनिटसुद्धा भरत नाहीत. शिवाय ज्या कार्डाची भूकच शे-सव्वाशे वॅटची आहे, त्यात वाचवायला फारसं काही नसतं. एएमडीचं कार्ड असेल तर आफ्टरबर्नरची गरज नाही; त्यांच्या ॲड्रेनलिनमध्येच व्होल्टेजची पट्टी आहे. फक्त तिच्यावरचा आकडा म्हणजे चिपला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज असं बऱ्याच मॉडेलांत नसतं, तर सगळी माळ किती खाली सरकली याची ती खूण असते. चाचणीची रीत तीच, गरम आणि थंड दोन्ही.

आणि आमच्यासाठी थंड अजून यायचंय. डिसेंबरात इथे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि भाच्याला तर पहाटेच काम करायची सवय. तेव्हा कार्ड मे महिन्यातल्या कोणत्याही सकाळपेक्षा थंड असेल आणि पठार कदाचित आणखी एक पायरी वर चढेल. म्हणून आफ्टरबर्नरच्या दुसऱ्या खणात त्यानं आत्ताच ८७५ चं सेटिंग मांडून ठेवलंय. खणाला नाव देता येत नाही, म्हणून मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे: "दोन नंबर, स्वेटर निघाल्यावर."